‘नाही’ कसं दाखवायचं?
निवेदन काढून टाकलेल्या चित्रफितीच्या संहितेविषयी

दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही आहे. त्यावर दिवसभर आरोग्याच्या चित्रफिती चालू असतात. त्यांतली एक सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराची होती. तिची संहिता माझी. दोन मिनिटं वीस सेकंदांची ती फीत होती आणि तिला निवेदनाचे तीनशेच्या आसपास शब्द होते. एका स्थानिक संस्थेसाठी मी ती लिहिली होती. ध्वनिमुद्रण चांगलं झालं होतं, निवेदिकेचा आवाज स्वच्छ होता, आणि सगळी माहिती डॉक्टरांनी तपासून दिलेली होती.

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या दवाखान्यात गेलो, तेव्हा माझी फीत चालू होती आणि टीव्हीचा आवाज बंद होता. परिचारिका आतून रुग्णांची नावं पुकारते. टीव्ही मोठ्यानं चालू असला तर ती ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज कायमचाच बंद. यात कुणाचीच चूक नव्हती. दवाखान्यात नाव ऐकू येणं जास्त महत्त्वाचं.

शेजारच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. फीत संपल्यावर मी सहज विचारलं, “आजी, काय दाखवलं हो यात?” त्या म्हणाल्या, “साप चावला तर काय करायचं ते. पाय दोरीनं घट्ट बांधायचा नि मग दवाखान्यात न्यायचं.”

माझ्या संहितेत नेमकं उलट लिहिलेलं होतं. दोरीचा आवळपट्टा लावू नका, त्याने विष थांबत नाही, उलट रक्तपुरवठा तुटून अवयव गमवायची वेळ येते, असं निवेदिका सांगत होती. ती सांगत असताना पडद्यावर काय होतं? एक माणूस दुसऱ्याच्या पोटरीला दोरी आवळतो आहे. आवाज गेला आणि चित्र उरलं. चित्र जे सांगत होतं, तेच आजींनी मला सांगितलं. त्यांच्या समजुतीत काहीही चूक नव्हती.

त्या दिवसापासून या फितीची संहिता मी नव्याने लिहायला घेतली. निवेदन नाही, संवाद नाहीत, फक्त संगीत, चित्र आणि पडद्यावर येणाऱ्या मोजक्या पाट्या. त्या कामात जे कळलं, ते इथे मांडतो आहे. मी चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नाही. जुन्या मूकपटांविषयी जे मिळेल ते वाचत आलो आहे आणि छोट्या माहितीपर फितींच्या संहिता लिहीत आलो आहे, एवढीच माझी तयारी.

पहिला खर्डा अगदी सोपा वाटला. निवेदनाची वाक्यं तोडली आणि पाट्या केल्या. बावीस पाट्या झाल्या. संगणकावर चालवून पाहिलं तर फीत पाहायची सोयच राहिली नाही. डोळा सतत अक्षरांवर. माणूस वाचत असतो तेव्हा चित्र पाहत नाही आणि चित्र पाहत असतो तेव्हा वाचत नाही. निवेदनाच्या फितीत कान आणि डोळा दोन वेगळ्या वाटांनी काम करतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी चालतात. निवेदन काढलं की दोन्ही कामं एकट्या डोळ्यावर येतात. शिवाय खोलीतल्या ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी त्या बावीस पाट्या म्हणजे बावीस आडकाठ्या होत्या.

मग मूकपटांनी हे कसं निभावलं, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. दादासाहेब फाळक्यांनी त्यात हिंदी आणि इंग्रजी पाट्या घातल्या होत्या. पण हरिश्चंद्राची गोष्ट प्रेक्षकाला घरातूनच ठाऊक होती. विश्वामित्र पडद्यावर आला की तो काय मागणार, हे पाटी न वाचताही कळत होतं. पाटीला थोडंच बोलावं लागत होतं, कारण उरलेलं प्रेक्षक स्वतः भरत होता. पौराणिक विषय निवडण्यामागे फाळक्यांची कारणं अनेक असतील. मूकपटाला तो विषय मानवतो, हे मात्र खरं.

माझ्या विषयातही प्रेक्षकाला गोष्ट आधीच ठाऊक होती. पंचाईत अशी की ती चुकीची ठाऊक होती. साप चावला की वरच्या अंगाला दोरी आवळायची, ब्लेडनं चीर द्यायची, तोंडानं विष ओढायचं, हे सगळं लोकांनी ऐकलेलं असतं आणि सिनेमात पाहिलेलंही असतं. मी चित्रात जिथे जिथे मोकळी जागा सोडीन, तिथे तिथे प्रेक्षक हीच गोष्ट भरणार. फाळक्यांना जी गोष्ट मदत करत होती, ती इथे आडवी येत होती.

लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा एक प्रयोग चित्रपटाच्या पुस्तकांत नेहमी सांगितला जातो. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा. त्याच्या शेजारी कधी सूपची वाटी जोडली, कधी शवपेटी. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. दोन चित्रं शेजारी आली की पाहणारा त्यांच्यात नातं जोडतो, एवढा भाग आपल्या कामाचा आहे. माझ्या जुन्या फितीत दोरी, मग पाय, मग दवाखाना आणि शेवटी बरा झालेला माणूस असा क्रम होता. पाहणाऱ्यानं त्यातून काय जोडावं? दोरी बांधली, दवाखान्यात नेलं, माणूस वाचला. या क्रमाला थोपवून धरणारा एकच शब्द होता, निवेदनातला ‘नका’. तो गेला आणि बाकी सगळं उरलं.

चित्राला नकार देता येत नाही, हे या कामाचं मूळ दुखणं. ‘दोरी बांधू नका’चं चित्र काढायला सांगितलं तर आपण आधी दोरी बांधणाराच काढतो आणि मग त्यावर लाल फुली मारतो. त्या फुलीवर माझा भरवसा नाही. ती चित्रानंतर येते, आणि तेवढ्यात पाहणाऱ्याची नजर वळलेली असू शकते. दवाखान्यात तर लाल रंगाच्या खुणा भिंतीवर सगळीकडे असतात.

मराठी वाक्याची ठेवणही इथे अडचण करते. आपलं ‘नका’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘पायाला दोरी घट्ट बांधू नका’ ही पाटी दोन ओळींत मोडली, तर पहिल्या ओळीत ‘पायाला दोरी घट्ट’ येतं आणि ‘बांधू नका’ खाली जातं. अक्षर लावत वाचणारा माणूस पहिली ओळ पुरी करतो तोवर पाटी गेलेली असते. म्हणजे पाटीही त्याला तेच सांगते, जे चित्र सांगतं.

यावर दोन उपाय केले. पहिला, शक्य तिथे नकाराचं होकारात रूपांतर. ‘चालवत नेऊ नका’ऐवजी ‘उचलून न्या’. ‘पाय हलवू नका’ऐवजी ‘पायाला काठीचा आधार’. यात चित्र आणि पाटी एकाच बाजूला उभी राहतात. पाटी चुकली तरी चित्र तेच सांगतं. दुसरा, नकार टाळताच येत नसेल तर तो वाक्याच्या तोंडाशी आणायचा. आपण बोलताना ‘नको ती दोरी’ असं सहज म्हणतो. छापील मराठीत ते जरा घरगुती वाटेल, पण पडद्यावर ते जास्त खरं ठरतं, कारण पहिलाच शब्द ‘नको’ असतो. पाटी झाली: ‘नको दोरी. नको ब्लेड. नको चोखणं.’

पण दोरीची समजूत इतकी पक्की आहे की नुसत्या पाटीनं ती सुटणार नाही, ती चित्रातच मोडावी लागणार होती. मग तो प्रसंग असा लिहिला. बाईच्या पावलाला साप चावला आहे आणि ती बांधावर बसली आहे. दीर धावत येतो, त्याच्या हातात काथ्याची दोरी. तो वाकतो. दोरी पायाला लागण्याआधीच बाईची मुलगी त्याचं मनगट धरते. दोघं एकमेकांकडे पाहतात. तिची मान ठाम नकारार्थी हलते. त्याची मूठ सैल होते आणि दोरी चिखलात पडते. चित्र त्या पडलेल्या दोरीवर थांबतं आणि मगच पाटी येते. दोरी पायाला लागलेली एकदाही दिसत नाही. आवळलेल्या दोरीचं चित्र फितीत कुठेच नाही, त्यामुळे कुणी मधूनच पाहिलं तरी ते डोळ्यांत राहणार नाही. नकार चित्रात आला तो दोन माणसांच्या वागण्यातून. एक करू पाहतो, दुसरी अडवते, आणि पहिला ऐकतो. त्यानं ऐकणं फार महत्त्वाचं. पहिल्या लेखनात तो चिडून बाजूला होत होता. तसं राहिलं असतं तर मुलगी उद्धट आणि दीर बरोबर, असाही अर्थ निघाला असता.

ब्लेड आणि चोखणं मी दाखवलंच नाही, फक्त पाटीत ठेवलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही, हे मान्य. तिन्ही गोष्टींचे असे अडवण्याचे प्रसंग लिहिले असते, तर निम्मी फीत चुकीच्या उपचारांवर गेली असती.

यापुढची गाठ मला आधी दिसलीच नव्हती. चावा बसलेला पाय हलू नये म्हणून त्याला काठी किंवा फळी लावून आधार द्यायचा असतो. हाड मोडल्यावर देतात तसा. स्नायू हालले की विष अंगात लवकर पसरतं, म्हणून. पण ती काठी पायाला धरून ठेवायची कशानं? पट्टीनं. म्हणजे शेवटी पायाला काहीतरी बांधतानाच दाखवायचं! आत्ताच एक दोरी चिखलात टाकली आणि लगेच एक पट्टी बांधायला काढली. निवेदनात एक वाक्य पुरलं होतं: ‘ही पट्टी आवळण्यासाठी नाही, काठी जागेवर राहण्यासाठी आहे.’ चित्रात दोन्ही कृती जवळजवळ सारख्याच दिसतात.

तिथे फरक वस्तूंमधून दाखवला. दोरी बारीक आणि काळपट होती, म्हणून पट्टीसाठी रुंद, पिवळी ओढणी घेतली. आधी काठी दिसते. टाचेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत पोचेल इतकी लांब, पायाच्या बाजूला ठेवलेली. त्यानंतर ओढणीचे पट्टे काठीसकट पायाभोवती तीन-चार ठिकाणी येतात, चाव्याची जागा सोडून. दोरीची गाठ एकाच ठिकाणी असते, हे चार ठिकाणी, त्यामुळे आकारच वेगळा दिसतो. मग जवळून चित्र: मुलगी आपलं बोट पट्टीखालून आरपार फिरवते. ते बोट हेच निवेदनातल्या त्या वाक्याचं भाषांतर. त्यावर पाटी: ‘बोट जाईल इतकी सैल पट्टी.’ संपूर्ण फितीत मला सर्वांत खात्रीचं वाटणारं चित्र हेच आहे.

निवेदनातून आणखी एक गोष्ट निसटते, ती म्हणजे काळ. ‘ताबडतोब’, ‘वेळ न दवडता’ हे शब्द चित्रात येत नाहीत. माणसं धावताना दाखवली तर घाई कळते, पण इथे रुग्णानं धावायचंच नाही, आणि घाबरवायचंही नाही. म्हणून घड्याळ आणलं. मुलगी फोन उचलते तेव्हा पडद्यावर ६:४० दिसतात, मग ती १०८ फिरवते. हा क्रमांक फोनवरच दिसतो, त्याला वेगळी पाटी नाही. शेवटी दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ ७:२५ दाखवतं. मधे कुणी मांत्रिकाकडे गेलं नाही, कुणी साप शोधत बसलं नाही, हे पाऊण तासाच्या हिशेबातून आपोआप येतं. चावा नेमका किती वाजता बसला हे डॉक्टर विचारतातच, त्यामुळे फोन पाहण्याची कृती तशीही उपयोगाची.

एवढं झाल्यावर पाट्या उरल्या आठ आणि शब्द अठ्ठावीस. क्रमाने सांगतो: ‘साप चावला.’ ‘नको दोरी. नको ब्लेड. नको चोखणं.’ ‘जोडवी, पैंजण काढा.’ ‘पायाला काठीचा आधार.’ ‘बोट जाईल इतकी सैल पट्टी.’ ‘उचलून न्या.’ ‘विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच.’ ‘पायात बूट, हातात बॅटरी.’ जोडवी काढायची कारण पाय सुजला की ती रुततात. हे कारण निवेदनात होतं, इथे नाही. कारणं जवळजवळ सगळीच गेली. मूक फितीत ‘का’ला फारशी जागा नसते, ‘काय’ आणि ‘कसं’ एवढंच मावतं. मला त्याचं वाईट वाटलं, पण तीनशे शब्दांतली बरीचशी कारणं मी प्रेक्षकासाठी लिहिली होती की स्वतःच्या समाधानासाठी, याचीही शंका आली.

पाटी किती वेळ ठेवायची, याचा माझा साधा हिशेब आहे. ती सावकाश मोठ्यानं वाचायची, लागला त्याच्या दुप्पट वेळ धरायचा आणि वर एक सेकंद द्यायचा. दुप्पट हा अक्षर लावत वाचणाऱ्यासाठी, आणि सेकंद हा पाटी आली आहे हे नजरेत येण्यासाठी. ‘उचलून न्या’ वाचायला एक सेकंद, म्हणजे पाटी तीन सेकंद. ‘बोट जाईल इतकी सैल पट्टी’ला अडीच, म्हणजे पाटी सहा सेकंद. संहिता लिहिणाऱ्यानं हे स्वतः करू नये. आपण लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवतो. मी घरी आलेल्या शेजारच्या काकांना वाचायला लावलं.

इथे संगीत आडवं आलं. संकलन करणारा मुलगा हुशार होता, पण ठेक्यावर चित्र तोडायची त्याला सवय. पाटी सहा सेकंद हवी आणि ठोका पाचव्या सेकंदाला पडतो, तर तो पाचव्याला तोडणार. ऐकायला छान, वाचायला अपुरं. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा हिशेबच उलटा केला. केरवा आठ मात्रांचा. मिनिटाला एकशे वीस मात्रांच्या लयीत त्याचं एक आवर्तन बरोबर चार सेकंदांचं होतं. म्हणून प्रत्येक पाटी एक किंवा दोन आवर्तनं, म्हणजे चार किंवा आठ सेकंद, आणि हिशेब अधेमधे आला तर नेहमी वरच्या बाजूला. तीन सेकंदांची पाटी चार झाली, सहाची आठ झाली. सगळी फीत चोवीस आवर्तनांची, म्हणजे शहाण्णव सेकंदांची. त्यातला निम्मा वेळ पडद्यावर पाटी आहे, पण त्या वेळात चित्र स्थिर आहे. मूकपटातल्यासारखी काळ्या पार्श्वभूमीवरची वेगळी पाटी मी घेतली नाही. कृती आधी पूर्ण होते, चित्र तिच्या शेवटच्या क्षणावर थांबतं आणि पाटी खालच्या भागात उमटते. वाचणारा वाचतो, न वाचणारा त्या थांबलेल्या चित्राकडे पाहत राहतो. दोघांपैकी कुणाचंही काही चुकत नाही.

संगीत कोणतं, यावर मजा झाली. त्या मुलानं पहिल्यांदा पुंगी लावली. दवाखान्यातली पोरं ऐकून डोलायला लागली असती. मग त्यानं भीतीचं संगीत लावलं, खालच्या पट्टीतला घुमणारा नाद आणि अचानक आपटणारे ढोल. ते जास्त वाईट. फितीचा उपदेश रुग्णाला धीर द्या, शांत ठेवा असा, आणि संगीत सांगतंय घाबरा. अखेर बासरी आणि ठेका, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत. टीव्ही पूर्णच बंद आवाजात चालेल हे गृहीत धरलं असल्यामुळे संगीतावर कोणताही अर्थ सोपवला नाही. एक अपवाद केला. दोरी चिखलात पडते तिथे एक आवर्तन संगीत थांबतं. आवाज चालू असेल तर तो अचानक थांबल्यानं इकडेतिकडे पाहणारी माणसं मान वर करतात, आणि तेव्हा पडद्यावर पडलेली दोरी आणि ‘नको’ असतं. (संगीत कुणाचं घेता, त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. दवाखान्यात दाखवणं हेही सार्वजनिक प्रदर्शनच.)

अक्षरांविषयी थोडं. डोळे तपासतात त्या तक्त्यावर ६/२४ ची ओळ ज्याला जेमतेम वाचता येते, त्याला सहा मीटरवरून सुमारे साडेतीन सेंटिमीटर उंचीचं अक्षर दिसतं. दवाखान्यात मोतीबिंदूची म्हातारी माणसं असणार, आणि शेवटचा बाक साधारण तेवढ्याच अंतरावर होता. बत्तीस इंची टीव्हीची उंची चाळीस सेंटिमीटर. म्हणजे अक्षर पडद्याच्या उंचीच्या अकराव्या हिश्शाएवढं तरी हवं, आणि आपल्या लिपीत वर वेलांटी नि खाली उकार असल्यामुळे ओळीला त्याहून जास्त जागा लागते. या मापानं पडद्याच्या खालच्या भागात दोनच ओळी मावतात. मला वाटतं, एवढा एक नियम पाळला तरी लांबलचक पाट्या आपोआप बंद होतील. शिवाय संकलनाच्या काही प्रणालींत देवनागरी मोडते, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, जोडाक्षर फुटतं. पाट्या दुसरीकडे लिहून, चित्र म्हणून आणाव्यात आणि शेवटी पुन्हा एकेक अक्षर वाचावं.

चाचणी दोनदा केली. पहिल्यांदा पाट्या आणि संगीत दोन्ही काढून, नुसती चित्रं. दवाखान्यातल्याच लोकांना दाखवली आणि ‘समजलं का’ असं न विचारता ‘काय काय झालं, सांगा’ असं विचारलं. ‘समजलं का’ला सगळे हो म्हणतात. दोरी टाकून दिली, हे बहुतेकांनी आपणहून सांगितलं. बोटाची गोष्ट दोघींनी हातानं करूनच दाखवली. दुसऱ्यांदा डॉक्टरांना दाखवली आणि त्यांनी एक चूक काढली, ती मला कधीच दिसली नसती. चित्रीकरणाच्या वेळी दिराचं काम करणाऱ्या गृहस्थांनी, संहितेत नसताना, तांब्यानं पाणी ओतून जखम धुतली होती. बांधावर चिखल होता, त्यांना ते स्वाभाविक वाटलं. डॉक्टर म्हणाले, “हे काढा. चाव्याच्या जागेला हात लावायचा नाही, धुवायची नाही, चोळायची नाही.” निवेदनाच्या फितीत ते दोन सेकंद मागच्या मागे गेले असते, कारण निवेदन लक्ष कुठे द्यायचं ते सांगत असतं. मूक फितीत चौकटीत जे जे घडतं, ते सगळं सूचनाच होऊन बसतं. ती कृती पुन्हा चित्रित केली. तेव्हापासून संहितेच्या उजव्या बाजूला मी एक रकाना ठेवतो: ‘या चित्रात काय नसावं.’

फीत आता तिथे चालते आहे. एक गोष्ट मात्र तिच्यात आणता आली नाही. फुरसं किंवा घोणस चावली तर वेदना होतात, सूज येते, आणि ते दाखवता येतं. मण्याराचं तसं नाही. तो बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि मग श्वास अडतो. ‘काहीच दिसत नाही, तरीही दवाखान्यात जा’ हे मला चित्रातून सांगता येईना. दोन प्रयत्न केले. एकात झोपलेल्या बाईच्या हाताजवळून काळा साप सरपटत गेला. पाहणारे म्हणाले, साप निघून गेला, बाई वाचली. दुसऱ्यात सकाळी तिच्या पापण्या मिटू लागल्या. पाहणारे म्हणाले, झोप पुरी झाली नाही.

ते दोन्ही प्रसंग काढले. मण्याराची माहिती मोठ्या अक्षरांत कागदावर छापून टीव्हीच्या खाली भिंतीवर लावली आहे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, पावसाळ्यात दर सोमवारी नावं पुकारून झाली की परिचारिका स्वतः बाहेर येऊन ती तोंडी सांगते.